बाबांच्या कोपराला मऊ गाठ, कालपासून दुखते आहे. सुई लावून पाणी काढावं का?

साखळीकर | मंगळवार, रात्री 9:10

आमची घरचीच गणपतीच्या मूर्तींची चित्रशाळा आहे. चवथ साडेतीन आठवड्यांवर आलीय, ओसरीपासून माजघरापर्यंत पाय ठेवायला जागा नाही आणि नेमकं आताच हे उपटलं.

बाबा 58 वर्षांचे. बोटं, कान, मुकुटाची नक्षी असलं बारीक काम करताना हात हलू नये म्हणून ते उजवं कोपर लाकडी फळीवर रोवून बसतात. या दिवसांत रोज आठ-नऊ तास. बारा दिवसांपूर्वी कोपराच्या टोकावर लिंबाएवढी गाठ आली. दाबली की आत पाणी हलल्यासारखं वाटायचं, दुखत अजिबात नव्हतं. बाबा म्हणाले, दरवर्षी थोडी येते, चवथीनंतर जाते. खरंच जाते.

पण कालपासून दुखायला लागली. सदऱ्याची बाही लागली तरी हात मागे घेतात. कातडी गुलाबी दिसते. बाजारात एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात सुई लावून पाणी काढतो, पाच मिनिटांचं काम. बाबा तयार आहेत, मला धीर होत नाही. सहा वर्षं साखरेची गोळी चालू आहे, हेही सांगून ठेवतो.

दीड_शहाणा | मंगळवार, रात्री 9:22

टेनिस एल्बो. मला झालेलं. पट्टा मिळतो कोपराखाली बांधायचा, तो आणा आणि पिळण्याची कामं बंद करा. सुईबिई काही नको.

साखळीकर | मंगळवार, रात्री 9:26

टेनिस एल्बोत गाठ येते का? यांची गाठ लांबून दिसते.

दीड_शहाणा | मंगळवार, रात्री 9:31

गाठ वाचलीच नाही मी, वर फक्त कोपर दुखतंय एवढंच पाहिलं. माझं बाहेरच्या हाडाला दुखायचं, सूज नव्हती. मग ते वेगळं असेल.

तुळशीवृंदावन | मंगळवार, रात्री 9:40

बाळा, रक्तचंदन सहाणेवर उगाळून जाडसर लेप दे, वर आंबेहळद. आमच्या पेडण्याला सासूबाई सगळ्या सुजेला हेच करायच्या. दोन दिवसांत ओसरते. सुई मात्र लावू नकोस, कुणाची सुई कशी असते देव जाणे.

फोंड्याचा_विश्या | मंगळवार, रात्री 9:48

मी औषधांच्या दुकानात बसतो, असे चार-पाच तरी दर पावसाळ्यात येतात. याला बर्सायटिस म्हणतात. कोपराच्या हाडावर एक पातळ पिशवी असते, सतत टेकून टेकून तिच्यात पाणी भरतं. ताप आहे का? ताप नसेल तर पू नाही, घाबरू नका. सुजेची गोळी पाच दिवस जेवणानंतर, बर्फ, आणि क्रेप बँडेज. बसून जाते.

निवृत्त_हाडवैद्य | मंगळवार, रात्री 10:05

विश्या, पिशवीचं तू बरोबर सांगितलंस. ताप नाही म्हणून पू नाही, हे मात्र चुकलं. आणि याच चुकीने माणसं चार दिवस घरी बसतात. पिशवी कातडीच्या लगेच खाली असते, शरीराच्या आत खोल नसते. तिच्यात पू झाला तरी कित्येकांना सुरुवातीला ताप येतच नाही. मी हाडांच्या ओपीडीत तीस वर्षं काढली, ताप नसलेली पुवाची कोपरं भरपूर पाहिली आहेत.

साखळीकर, मला चार गोष्टी बघून सांगा. घाई नको, नीट दिव्याखाली बघा.

एक, गाठीवर किंवा आसपास कुठे चीर, खरचटलेलं, खपली, फोड? जुनी वाळलेली असली तरी सांगा. दोन, तुमच्या हाताची मागची बाजू आधी त्यांच्या डाव्या कोपरावर ठेवा, मग उजव्या. फरक जाणवतो का? तळहाताने नको, मातीकाम करणाऱ्याच्या तळहाताला ऊबच कळत नाही. तीन, हात पूर्ण सरळ करता येतो का, आणि कोपर अंगाशी धरून तळवा वर-खाली फिरवताना दुखतं का? चार, थर्मामीटर लावून आकडा.

खाजनवाट | मंगळवार, रात्री 10:20

डॉक्टर येण्याआधी माझं सांगतो. माझं कोपर गेल्या वर्षी असंच लालबुंद झालं होतं, चादर लागली तरी ओरडायचो. सगळे म्हणाले पू आहे. निघालं युरिक ॲसिड. लग्नाच्या दोन दिवसांच्या जेवणानंतर झालं, सुंगटं आणि हुर्राक दोन्ही मनसोक्त. गाऊटच्या गोळीने तीन दिवसांत उतरलं. बाबांचं युरिक ॲसिड बघा आधी, उगाच अँटिबायोटिक नको.

साखळीकर | मंगळवार, रात्री 10:52

बघितलं सगळं. टोकाच्या थोडं खाली, मनगटाच्या बाजूला, नखाएवढी खपली आहे. बाबा म्हणतात फळीची सल घुसली होती, सात-आठ दिवस झाले, त्यांनीच सुईने काढली आणि लगेच मातीत हात घातला. मला हे सांगितलंच नव्हतं.

ऊब स्पष्ट आहे. डावं कोपर पावसामुळे गार, उजवं गरम. आईलाही लगेच कळलं.

हात पूर्ण सरळ होतो, दुखत नाही. तळवा फिरवला, तेही दुखत नाही. हात पूर्ण दुमडून खांद्याला लावायला सांगितलं तर शेवटी शेवटी कातडी ताणून दुखतं. ताप 99.2. हे पिणारे नाहीत, सुंगटं खातात, सगळेच खातात.

निवृत्त_हाडवैद्य | मंगळवार, रात्री 11:15

चांगलं बघितलंत. आता मला काय दिसतं ते सांगतो, पण मी कोपर पाहिलेलं नाही हे ध्यानात ठेवा.

पहिली दिलाशाची गोष्ट. हात सरळ होतो आणि तळवा फिरतो, म्हणजे सांधा बहुतेक सुटलेला आहे. सांध्यातच पू झाला तर माणूस हात अर्धवट दुमडून पोटाशी धरतो, एक इंचही हलवू देत नाही. शिवाय सांध्यातली सूज टोकावर येत नाही. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडांच्या मध्ये एक खळगा असतो, तो भरून येतो. तुमच्या बाबांची गाठ बरोबर टोकावर आहे. पूर्ण दुमडल्यावर दुखणं हे पिशवीचंच लक्षण, कारण तेव्हा फुगलेल्या पिशवीवर कातडी ताणली जाते.

दुसरी गोष्ट तेवढी दिलाशाची नाही. बारा दिवसांतले पहिले दहा दिवस ही निव्वळ टेकण्याची सूज होती: मऊ, न दुखणारी, कातडी नेहमीच्या रंगाची. बाबा म्हणतात तशी ती चवथीनंतर गेलीही असती. सल घुसल्यावर सहा-सात दिवसांनी तिचा स्वभाव बदलला. दुखणं, ऊब, लाली, आणि वर साखर. कोपराच्या कातडीवरचे जंतू त्या भोकातून पिशवीत उतरले असावेत असा माझा संशय आहे. पिशवीत आधीच पाणी साठलेलं होतं, त्यांना आयतं घर मिळालं.

आज रात्री करायचं ते एवढंच. लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने सभोवार रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. लेप काही लावू नका. तुळशीवृंदावन, रागावू नका, रक्तचंदनाशी माझं भांडण नाही, पण लाल लेपाखाली लाली कशी वाढते ते दिसणार कसं? हात उशीवर उंच. उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टर, चित्रशाळा नंतर. रात्री थंडी वाजून ताप भरला, लाल पट्टा दंडाकडे चढताना दिसला, किंवा हात हलवणंच बंद झालं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा किंवा बांबोळीला गोमेकॉत घेऊन जा.

आणि बाजारातल्या गृहस्थांना नमस्कार सांगा.

फोंड्याचा_विश्या | मंगळवार, रात्री 11:28

मान्य, तापाचं मी जास्त ठामपणे बोललो. पण रात्रीपुरती सुजेची गोळी दिली तर काय बिघडलं? माणूस झोपेल तरी.

निवृत्त_हाडवैद्य | मंगळवार, रात्री 11:36

दुखण्यापुरती पॅरासिटामॉल देतोच आपण. सुजेच्या गोळीला मी दोन कारणांसाठी कचरतो. साठीकडे आलेला, साखर असलेला माणूस, मूत्रपिंडाचा रिपोर्ट आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. आणि ती गोळी ताप, लाली, दुखणं तिन्ही दाबते. उद्या जो डॉक्टर बघेल त्याला अर्धं चित्र पुसलेलं मिळेल. पॅरासिटामॉलनेही ताप उतरतो, म्हणून किती वाजता दिली ते लिहून ठेवा. घरात जुन्या अँटिबायोटिकची अर्धी पट्टी असेल तर तीही देऊ नका.

काचपट्टी | बुधवार, सकाळी 6:50

त्या अर्ध्या पट्टीबद्दल मी सांगते, मी प्रयोगशाळेत कल्चर बघते. चार गोळ्या पोटात गेल्यावर आलेलं पाणी आम्ही बशीत लावतो आणि काहीच उगवत नाही. जंतू मेलेले नसतात, फक्त दबलेले असतात. मग रिपोर्ट येतो 'वाढ नाही', घरचे म्हणतात इन्फेक्शन नव्हतंच, आणि आठवड्याने तोच माणूस पुन्हा.

पाणी काढलंच तर ते कापसाच्या काडीवर पुसून पाठवू देऊ नका, काडी वाटेत वाळते. निर्जंतुक डबीत किंवा कल्चरच्या बाटलीत पाठवायला सांगा. आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी मागायला सांगा: ग्रॅम स्टेन आणि कल्चर, पेशींची मोजणी, आणि स्फटिक. स्फटिक बरेचदा मागायचे राहतात. आमच्याकडे चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तर आम्ही बघत नाही, मग खाजनवाट यांच्यासारखा माणूस अँटिबायोटिक घेत बसतो.

साखळीकर | बुधवार, दुपारी 2:35

सकाळी रेघेच्या बाहेर दोन बोटं लाली गेली होती, मनगटाच्या बाजूला. ताप 100.6. रेघ नसती तर मी म्हटलं असतं कालच्याइतकीच आहे.

म्हापशाला सर्जनना दाखवलं. त्यांनी गाठीला बाजूने, कातडी चांगली होती तिथून सुई घातली आणि 7 मिली पाणी काढलं. मला वाटलं होतं टोकावरच टोचतील. रंग ताकासारखा गढूळ, थोडी लाल झाक. काचपट्टी यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून घेतल्या. त्यांनी विचारलं कोणी सांगितलं, मी म्हटलं ओळखीच्या बाईंनी.

रक्ताचे रिपोर्ट: पांढऱ्या पेशी 13,400. साखर 246, बाबा म्हणायचे कंट्रोलमध्ये आहे. क्रिएटिनिन 1.3. युरिक ॲसिड 7.6. एक्स-रेत हाड ठीक, टोकाला छोटा काटा वाढलाय तो जुना म्हणाले. ॲडमिट केलंय, शिरेतून अँटिबायोटिक सुरू.

खाजनवाट | बुधवार, दुपारी 3:02

युरिक ॲसिड 7.6! सांगत होतो ना. माझं 7.9 होतं. डॉक्टरना आत्ताच्या आत्ता सांगा.

निवृत्त_हाडवैद्य | बुधवार, दुपारी 4:10

खाजनवाट, तुमचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. गाऊटचं कोपर आणि पुवाचं कोपर बाहेरून हुबेहूब दिसू शकतं, मीही फसलोय. ताप आणि पांढऱ्या पेशी दोन्हींत वाढतात. पण रक्तातला आकडा इथे साक्षीदार म्हणून कच्चा. 7.6 असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर गाऊटशिवाय जगतात, आणि ऐन गाऊटच्या झटक्यात रक्तातला आकडा उतरून नेहमीसारखाही येतो. तुम्ही म्हणता ते खरं की खोटं हे पिशवीतल्या पाण्यात स्फटिक दिसले का त्यावर ठरेल. आणि स्फटिक दिसले तरी जंतू नाहीत असं होत नाही, दोघे एकाच पिशवीत सापडतात. म्हणून कल्चर येईपर्यंत अँटिबायोटिक थांबवायचं नाही.

सर्जननी बाजूने सुई घातली ते उत्तम केलं. टोकावर सरळ टोचलं की तिथली कातडी पातळ, पाठीमागे हाड, दिवसातून शंभर वेळा ताण. त्या भोकातून महिनाभर पाणी झिरपत राहिलेलं मी पाहिलंय.

काचपट्टी | बुधवार, संध्याकाळी 7:15

ग्रॅम स्टेन आज रात्रीपर्यंत यायला हवा, कल्चरला दोन दिवस. स्टेनमध्ये काही दिसलं नाही तरी निश्चिंत होऊ नका, पिशवीतल्या पाण्यात जंतू विरळ असतात, काचेच्या पट्टीवर सापडतीलच असं नाही.

साखळीकर | बुधवार, रात्री 9:50

ग्रॅम स्टेन आला. 'ग्राम पॉझिटिव्ह कोकाय, पुंजक्यांत.' पेशी 41,000, बहुतेक न्यूट्रोफिल. स्फटिक नाहीत.

काचपट्टी | बुधवार, रात्री 10:04

पुंजके म्हणजे द्राक्षाच्या घडासारखे. जवळजवळ नक्की स्टॅफ. कोपराच्या पिशवीत बहुतेक वेळा हाच निघतो, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर आणि नाकात राहतो. शुक्रवारी कळेल कुठलं औषध लागू पडतं ते.

खाजनवाट | बुधवार, रात्री 10:11

ठीक. शब्द मागे. हुर्राकाचा सल्ला मात्र मागे घेत नाही, तो मी स्वतःसाठीच दिला होता.

तुळशीवृंदावन | गुरुवार, सकाळी 8:20

बाबांना बरं वाटो. एक विचारते. माझ्या सुनेच्या माहेरी एकाला असंच झालं होतं, तिथे सरळ चीर देऊन पू काढला आणि मोकळं झालं. यांना सुईने थोडं थोडं का काढतात? पू आत ठेवू नये म्हणतात ना.

निवृत्त_हाडवैद्य | गुरुवार, सकाळी 10:45

यावर डॉक्टरांतही एकमत नाही, ताई. माझं मत सुईच्या बाजूने झुकतं. पाणी पातळ आहे तोवर एक-दोनदा सुईने काढायचं, बरोबर अँटिबायोटिक, बहुतेकांचं भागतं. कोपराच्या टोकावरची जखम हट्टी असते. साखर असेल तर जास्तच. पण पू घट्ट झाला, पिशवीत कप्पे पडले, किंवा दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर चीर द्यावीच लागते. माझे एक जुने सहकारी पहिल्याच दिवशी चीर देत असत आणि त्यांचे पेशंटही बरे होत. कोण बरोबर यावर आम्ही वीस वर्षं चहा पीत भांडलो.

साखळीकर | शुक्रवार, दुपारी 1:20

कल्चर: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साध्या औषधांना बळी पडणारा, एमआरएसए नाही. काल पुन्हा सुई घातली, फक्त 3 मिली निघालं आणि कमी गढूळ. लाली रेघेच्या आत आली. ताप गेला. उद्या घरी सोडतील, पुढे गोळ्या, सेफॅलेक्सिन. सगळं धरून दोन आठवडे म्हणाले, कमी-जास्त बघून ठरवतील. साखरेसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे पाठवलंय.

आता बाबांची भुणभुण सुरू: सोमवारपासून फळीवर बसतो. चौदा मूर्तींची बोटं बाकी आहेत.

फोंड्याचा_विश्या | शुक्रवार, दुपारी 1:47

क्रेप बँडेज घट्ट बांधून बसवा, काही होत नाही.

निवृत्त_हाडवैद्य | शुक्रवार, दुपारी 3:30

घट्ट नको. कोपराभोवती घट्ट बँडेज म्हणजे कोपराखालचा हात सुजणार, आणि कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस दाबली गेली तर बोटं बधिर होतात. मूर्तिकाराला बधिर करंगळी नको. मऊ, सैल, नुसती आधारापुरती.

फळीबद्दल: टोक टेकता कामा नये, एवढा एकच नियम. आणि निदान गोळ्या संपेपर्यंत टोकावर अजिबात वजन नको. गादी टोकाखाली ठेवून काम होत नाही, कारण गादीवरही टोकच टेकतं. वजन टोकावरून काढून पुढच्या हातावर न्यायचं.

तुळशीवृंदावन | शुक्रवार, दुपारी 4:05

भाताच्या कोंड्याची पिशवी शिव. लांबट, हाताएवढी. आमच्याकडे बाळाला अशा उशीवर निजवायचे, हवा तो आकार घेते.

साखळीकर | शुक्रवार, दुपारी 4:12

हे जमेल. आई शिवते आहे म्हणाली.

कारकून_पणजी | शनिवार, सकाळी 11:05

धागा वाचून घाबरलो म्हणून लिहितो. मी कार्यालयात टेबलावर कोपर टेकून फोनवर असतो दिवसभर. दोन महिने झाले, डाव्या कोपरावर मऊ गाठ आहे. दुखत नाही, लाल नाही, गरम नाही (उलट्या हाताने बघितलं), खपली नाही. साखर नाही. मीही पाणी काढून तपासायला हवं का? एका डॉक्टरांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय.

निवृत्त_हाडवैद्य | शनिवार, दुपारी 12:40

तुमचं जे वर्णन आहे त्यात मी सुई लावणार नाही. काढलेलं पाणी टेकणं चालू राहिलं तर पुन्हा भरतं, आणि प्रत्येक सुई ही एक सल असते. साखळीकरांच्या घरी काय झालं ते वाचलंतच. स्टिरॉइडने सूज लवकर बसते हे खरं, पण त्या जागची कातडी पातळ पडते, आणि आत जंतू असतील तर त्यांचं चांगभलं. टेबलाच्या कडेला मऊ पट्टी लावा, टेकणं सोडा, फोन दुसऱ्या हातात धरा. आठवडे लागतील, कदाचित महिने. थोडी गाठ कायमही राहील, कामात अडत नसेल तर राहू दे. वाढली, कडक झाली, दुखायला लागली किंवा पडून मार लागला तर मात्र एकदा प्रत्यक्ष दाखवा.

फोंड्याचा_विश्या | शनिवार, दुपारी 1:15

इंजेक्शनबद्दल मी असहमत. माझ्या दुकानात येणाऱ्या दोघांना एका इंजेक्शनने कायमचं बरं वाटलं आहे.

निवृत्त_हाडवैद्य | शनिवार, दुपारी 1:22

असतील. ज्यांचं बिघडलं ते दुकानात येत नाहीत, ते ओपीडीत येतात. आपण दोघं वेगवेगळ्या दारात उभे आहोत.

साखळीकर | बाराव्या दिवशी, रात्री 8:30

उशिरा लिहितोय, चित्रशाळेत श्वास घ्यायला वेळ नाही.

लाली गेली. टोकावरची कातडी पापडासारखी सुटून आली. गाठ बसली, पण बोटाने चाचपलं तर आत जाडसर काहीतरी लागतं, चण्याच्या डाळीएवढे दोन-तीन कण. डॉक्टर म्हणाले पिशवीची भिंत जाड झाली आहे, बहुधा राहील. गोळ्यांचे दोन दिवस उरलेत. उपाशीपोटीची साखर 140 वर आली.

कोंड्याची पिशवी झाली. पण बाबांची तक्रार अशी की टोक फळीवर रोवलं की मनगट ठाम राहायचं. कोंड्यावर हात किंचित डुलतो. बोटांपुरतं चालून गेलं, पण डोळे आखताना असा डुलला तर काय करायचं? परवापासून आखणी सुरू करायची आहे. कोणी असं बारीक काम करणारं आहे का इथे, सोनार, नक्षीवाला? तुम्ही हात कशावर ठेवता?

दीड_शहाणा | बाराव्या दिवशी, रात्री 9:02

या वेळी नीट वाचून लिहितो. माझे मामा पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडे वीतभर लांब, बोटाएवढी जाड काठी असायची, टोकाला चिंधीचा गोळा. डाव्या हाताने ती काठी आडवी धरायची आणि उजवं मनगट तिच्यावर टेकवायचं. कोपर हवेतच. पाटी ओली असली तरी हात लागत नसे.

साखळीकर | बाराव्या दिवशी, रात्री 9:10

वीतभर पुरेल का? गणपती पाटीसारखा सपाट नाही, सोंड मध्ये येते.

दीड_शहाणा | बाराव्या दिवशी, रात्री 9:14

मग हातभर घ्या. बांबूची चालेल. आणि गोळा मुकुटावर टेकवू नका, रंग निघेल. पाटाच्या कडेवर टेकवा.